परवानगी नाही, तरी फोटो गेला कसा?

नागपूरचा मे महिना. धरमपेठेतल्या आमच्या मावशींनी फोनवर कुणाशी तरी कूलरची खस बदलायची गोष्ट केली आणि संध्याकाळी त्यांना कूलरची जाहिरात दिसली. झालं! ‘ॲप आपलं बोलणं ऐकतं’ म्हणून त्यांनी एका सोशल ॲपच्या कॅमेरा, माइक, संपर्क आणि फोटो या चारही परवानग्या काढून टाकल्या. (मे महिन्यात नागपुरात कूलरची जाहिरात कोणाला दिसत नाही, हा प्रश्न मी गिळला.)

दुसऱ्या दिवशी व्हिडिओ कॉल लागेना. दोनदा नकार दिला, तर अँड्रॉइड ११ पासून परवानगीची खिडकी पुन्हा उघडतच नाही. सेटिंग्जमध्येच जावं लागतं. चॅटमधली नावं जाऊन नुसते नंबर उरले. पण नातवाचा फोटो मात्र बिनबोभाट गेला. मावशी म्हणाल्या, "बघ, नाही म्हटलं तरी घेतलाच!"

इथेच खरी गंमत आहे. अँड्रॉइड प्रत्येक ॲपला वेगळा वापरकर्ता क्रमांक देतं, म्हणजे एकाच वाड्यातली कुलूपबंद वेगळी खोली. ॲप फक्त ‘एक फोटो हवा’ असं फोनला सांगतं. मग फोटोंची जी जाळी उघडते, ती फोनच्या स्वतःच्या प्रोग्रामने काढलेली असते, ॲपने नाही. अँड्रॉइड १३ मध्ये (२०२२) हा ‘फोटो पिकर’ आला. ॲपला ती जाळी दिसतही नाही. मावशींनी बोट ठेवलं, त्या एकाच फोटोचा पत्ता आणि तो वाचायची मुभा त्याला मिळते. तुमचं बोट हीच परवानगी. ॲप स्वतःच्याच पडद्यावर ताज्या फोटोंची पट्टी दाखवत असेल, तर मात्र त्याला खरी परवानगी लागते, आणि नकार दिला की ती पट्टीच बंद पडते.

व्हिडिओ कॉलला असा मध्यस्थ चालत नाही, कारण ॲपला चित्र आणि आवाज सलग हवा असतो. परवानगी दिली तरी कॅमेरा ॲपच्या हातात नसतो. फोनची सेवा आधी परवानगी तपासते, मगच चित्र पुढे सोडते. अँड्रॉइड १२ पासून तेव्हा कोपऱ्यात हिरवी खूण दिसते. मावशींना कॅमेरा आणि माइक ‘ॲप वापरतानाच’ असे करून दिले. कॉल लागला.

संपर्क बंदच ठेवले. अँड्रॉइडवर ही परवानगी दिली, की सहसा अख्खी यादी ॲपसमोर उघडी होते. नंबर जुळवून ओळखीचे शोधायचे, तर त्याला हवी असते तीच. नाकारली की नावं आणि ‘मित्र शोधा’ जातं, बाकी चालतं.

चार दिवसांनी मावशींचा फोन आला. ॲपने ओळखीचे म्हणून कूलरवाल्याला सुचवलं होतं. यादी तर बंद होती! त्याच्या फोनमध्ये मावशींचा नंबर आहे, आणि बहुधा त्याने परवानगी दिली असावी.