बारशालाच कान टोचायला हवेत का?

"बाराव्या दिवशी टोचले नाहीत तर मुहूर्त हुकतो, आणि सोन्याची तार असली की कान पिकत नाही, खरं का?"

दोन्ही खरं नाही. बाराव्या दिवसाची चाल आहेच, पण सुश्रुतसंहिता सहावा किंवा सातवा महिना सांगते. बाळाला मांडीवर घेऊन, पाळीतून ऊन आरपार दिसेल तिथे टोचायचं. मुलाचा आधी उजवा कान, मुलीचा डावा. आजच्या लसीकरणालाही हे सोयीचं. धनुर्वाताची लस ६, १० आणि १४ आठवड्यांना मिळते. जूनच्या मध्यात जन्मलेल्या बाळाचे तीनही डोस सप्टेंबरअखेर होतात. मग डिसेंबरात खुशाल टोचा. आजी कुरकुरतील, कुरकुरू द्या!

सोन्याची ॲलर्जी क्वचित होते, एवढंच. कान पिकतो तो जंतूंमुळे, आणि ते हातावरून, तारेवरून येतात. लक्ष्मी रोडवरचा सोनार असो की डॉक्टर, त्यांनी हात धुवून, पाळी स्पिरिटने पुसून, तुमच्यासमोर सीलबंद निर्जंतुक सुई फोडलेली बघा. नंतर हळद-तेल नको. स्वच्छ सलाइनने पुसा, बाळी फिरवत बसू नका. पहिले दोनेक दिवस पाळी थोडी लाल राहते. लाली पसरली, पू आला किंवा ताप चढला, तर त्याच दिवशी बालरोगतज्ज्ञांकडे जा.