एक तृतीयांश कशाचा: पेन्शनचा की शिलकीचा?

ऐरोलीतील आमच्या इमारतीत दोन शेजारी एकाच वर्षी साठाव्या वर्षी निवृत्त झाले. दोघांनीही आपापल्या कंपनीच्या पेन्शन फंडातून एक तृतीयांश भागाचे अंशराशीकरण केले, म्हणजे तेवढा भाग दरमहा पेन्शनऐवजी एकरकमी रोख घेतला. एकाच्या हाती 9,00,000 रुपये आले, दुसऱ्याच्या हाती 4,91,640. दुसऱ्या काकांना वाटले की आपले पैसे कापले गेले, आणि त्यांनी विश्वस्तांकडे तक्रारअर्ज लिहायला घेतला. मी त्यांना थांबवले, कारण दोघांचा ‘एक तृतीयांश’ वेगवेगळ्या रकमेचा होता.

पहिल्यांच्या फंडात त्यांच्या नावावर 27,00,000 रुपये शिल्लक होती. तिचा तिसरा हिस्सा रोख मिळाला आणि उरलेल्या 18,00,000 रुपयांतून विमा कंपनीकडून ॲन्युइटी, म्हणजे नियमित मिळणारी पेन्शन, घेतली गेली. काकांच्या योजनेत मात्र पेन्शन पगार आणि सेवाकाळ यांवरून ठरते, नावावर अशी शिल्लकच नसते. त्यांची पेन्शन दरमहा 15,000 रुपये ठरली होती. तिचा तिसरा हिस्सा 5,000, म्हणजे वर्षाला 60,000 रुपये, आणि त्याला अंशराशीकरणाच्या, वयानुसार ठरणाऱ्या गुणकाने गुणले की एकरकमी रक्कम येते.

हा गुणक फंडाच्या पत्रात दिलेला नसला तरी उलट भागाकाराने सापडतो. 4,91,640 ला 60,000 ने भागल्यावर 8.194 येतात, आणि केंद्र सरकारच्या तक्त्यात पुढील वाढदिवशी 61 पूर्ण होणाऱ्यासाठी हाच गुणक आहे. साठाचा गुणक 8.287 आहे, तो लावला असता तर 5,580 रुपये अधिक मिळाले असते. म्हणून वय कोणत्या तारखेला मोजले, हा प्रश्न किरकोळ नाही. शिवाय सरकारी तक्ता खासगी फंडाला आपोआप लागू होत नाही. तो फंडाच्या नियमांनी स्वीकारलेला असावा लागतो.

त्यामुळे तक्रारीऐवजी आम्ही असे पत्र लिहिले: “मा. विश्वस्त महोदय, मला दिलेल्या 4,91,640 रुपयांच्या एकरकमी रकमेची गणना कशी झाली, याचे लेखी स्पष्टीकरण कृपया द्यावे. त्यात मूळ मासिक पेन्शन, अंशराशीकृत भाग, वापरलेला गुणक, तो ज्या तक्त्यातून घेतला तो तक्ता, वय मोजण्याची तारीख आणि योजनेचा संबंधित नियम यांचा उल्लेख असावा, तसेच त्या नियमाची प्रत जोडावी.” रक्कम चुकीची आहे असे पत्रात कुठेही म्हटले नाही, आकडे हाती येण्याआधी तसे म्हणायला आधारच नव्हता.

शिलकीच्या योजनेतील माणसाने गुणक विचारण्यात अर्थ नाही. त्याने मिळालेल्या रकमेची तिप्पट करून ती वार्षिक विवरणपत्राशी ताडून पाहावी आणि शिल्लक कोणत्या तारखेची धरली, त्या तारखेपर्यंतचे व्याज आणि शेवटच्या महिन्यांची वर्गणी जमा झाली का, हे विचारावे. फरक पडतो तो बहुधा तिथेच.

काकांनी पत्राच्या दुसऱ्या प्रतीवर शिक्का आणि तारखेसह पोच घेतली.