जाळं पाच टक्के, रंग अठरा टक्के : एकाच बिलातल्या सुटीची पार्श्वभूमी

पावसाळी मासेमारीबंदी ३१ जुलैला संपते. त्याआधीचे पंधरा दिवस रत्नागिरी, हर्णै, मालवणच्या बंदरांवर दुकानांतली गर्दी हटत नाही. होडीची डागडुजी, नवं जाळं, रंगाचे डबे. बिल झालं की गिऱ्हाईक म्हणतं, "शेठ, कायतरी कमी करा." शेठही खालच्या ओळीत एक गोल रकमेची सूट लिहून मोकळे होतात. जाळ्यावर ५ टक्के जीएसटी आहे आणि रंगावर १८. मग ही सूट कुणाच्या वाट्याची आणि कर लावण्याआधीची की नंतरची? मी दुकानांचे हिशेब बघतो, आणि वर्षानुवर्षं चूक याच ओळीत सापडते.

हा प्रश्न जीएसटीपेक्षा जुना आहे. १९५६च्या केंद्रीय विक्रीकर कायद्याने विक्री किंमत ठरवताना व्यापारी रिवाजाप्रमाणे दिलेली रोख सूट, म्हणजे पैसे लगेच चुकते केल्याबद्दलची सूट, वजा करायला मुभा दिली होती. घाऊक विक्रेता किरकोळ दुकानदाराला दरपत्रकावर देतो त्या व्यापारी सुटीचा उल्लेख मात्र त्या व्याख्येत नव्हता. अ‍ॅडवानी ओरलिकॉन खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने तो गुंता सोडवला. दरपत्रकातून व्यापारी सूट वजा करून जी रक्कम उरते तीच मुळात किंमत, त्यामुळे सूट किमतीत धरायचा प्रश्नच येत नाही.

पुढचा टप्पा अबकारी करातला, म्हणजे कारखान्यात तयार झालेल्या मालावरच्या करातला आहे आणि मला तो सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. १९८३मध्ये बॉम्बे टायर प्रकरणात न्यायालयाने सांगितलं की सूट करारातून, विक्रीच्या अटींतून किंवा रूढ रिवाजातून आलेली असावी आणि माल कारखान्यातून बाहेर पडण्यापूर्वी किंवा त्या वेळी ती माहीत असावी. तसं असेल तर ती बिलातच वजा झाली नाही एवढ्याच कारणाने नाकारता येणार नाही. जानेवारी २०१७मध्ये सदर्न मोटर्सच्या निकालात कर्नाटकच्या व्हॅटबाबतही हाच सूर लागला.

त्यानंतर सहाच महिन्यांत, १ जुलै २०१७ला, जीएसटी आला. त्या कायद्याच्या कलम १५(३)मध्ये वरचे दोन्ही विचार दिसतात. माल देण्याआधी किंवा देताना दिलेली आणि बिलात लिहिलेली सूट सरळ वजा होते. नंतर दिलेल्या सुटीसाठी आधीचा करार, संबंधित बिलांशी जोडणी आणि घेणाऱ्याने खरेदीवर भरलेल्या कराची मिळालेली वजावट, म्हणजे क्रेडिट, त्या प्रमाणात परत करणं, या अटी आल्या. यातली आधीच्या कराराची अट काढावी, अशी शिफारस जीएसटी परिषदेने सप्टेंबर २०२५मध्ये केली.

आता बंदरावरचं बिल. जाळं २०,००० रुपये, रंग ५,००० रुपये, ठरलेली सूट २,५००. सूट बिलात आणि करापूर्वी असेल तर ती किमतीच्या प्रमाणात वाटायची : जाळ्याला २,०००, रंगाला ५००. मग १८,०००वर ९०० रुपये कर आणि ४,५००वर ८१०. एकूण कर १,७१०, बिल २४,२१० रुपये.

तीच सूट करानंतर दिली तर कर मूळ किमतीवर लागतो : १,००० अधिक ९००, म्हणजे १,९००. बिल २६,९०० आणि त्यातून २,५०० कमी, म्हणजे गिऱ्हाईक २४,४०० देतं. सरकारकडे कर भरल्यावर दुकानदाराच्या हातात दोन्ही वेळा २२,५००च राहतात. फरक फक्त गिऱ्हाइकाच्या खिशाला पडतो : १९० रुपये जास्त. नोंदणीकृत व्यापाऱ्याला भरलेल्या कराचं क्रेडिट मिळतं, नोंदणी नसलेल्या मच्छीमाराला मिळत नाही. त्याचे ते १९० गेले ते गेलेच.

एक मोह मात्र टाळायला हवा. पूर्ण सूट रंगावरच दाखवली तर रंगाचा करपात्र भाव २,५०० होतो आणि एकूण कर १,४५० वर येतो, म्हणजे २६० रुपये कमी. सूट ओळींत कशी वाटावी याचं सूत्र कलम १५ मध्ये दिलेलं नाही. नियम ४६ एवढंच सांगतो की सूट धरून करपात्र मूल्य बिलात दाखवा. रंगावर खरंच जादा सूट दिली असेल तर ती तशी लिहिणं गैर नाही. पण एकगठ्ठा सूट सगळ्यात जास्त दराच्या मालावर ढकललेली दिसली की तपासणीत पहिला प्रश्न तिथेच येतो. प्रमाणात वाटणी केली तर उत्तर देणं सोपं जातं.

याच्या उलट धोकाही आहे. जाळं आणि रंग 'हंगाम संच' म्हणून एकाच किमतीत, वेगळे भाव न लिहिता विकले, तर तो कायद्याच्या भाषेत मिश्र पुरवठा ठरू शकतो. मग कलम ८ प्रमाणे सगळ्या रकमेवर सर्वांत वरचा दर, म्हणजे जाळ्यावरही १८ टक्के.

बिल हातात घेतल्यावर हे ओळखायचं कसं? तळाच्या बेरजेकडे न जाता प्रत्येक दराच्या ओळीतलं करपात्र मूल्य बघायचं. तिथे २०,००० आणि ५,०००च असतील आणि 'सूट' हा शब्द कराच्या खाली आला असेल, तर ती सूट करानंतरची आहे.