करारातला दुहेरी नकार

दुहेरी नकार म्हणजे कराराच्या किंवा कायद्याच्या एकाच अटीत दोन किंवा जास्त नकार येणं. 'नाही', 'नये', 'नसेल' हे उघड दिसणारे नकार, पण 'शिवाय', 'खेरीज', 'वगळता', 'अन्यथा' या शब्दांच्या पोटातही नकार असतो आणि तोच वाचताना निसटतो. इंग्रजी करारात हेच काम अनलेस करतो आणि त्याच्या मागे-पुढे नॉट आला की गुंता सुरू होतो. पुण्यात सामान्य माणसाला हा गुंता सगळ्यात जास्त भेटतो तो घर भाड्याने घेतानाच्या लीव्ह अँड लायसन्सच्या अ‍ॅग्रीमेंटमध्ये. एजंट लॅपटॉप आणि अंगठ्याचं मशीन घेऊन घरी येतो, अर्ध्या तासात फोटो-ठसे होतात, आणि शेवटच्या पानांवरच्या अटी कोणी वाचत नाही कारण त्या वाचून कळतच नाहीत. म्हणून ही नोंद मुख्यतः तिथल्याच एका अटीवर आहे, डिपॉझिट परत करण्याच्या.

समजा कोथरूडमधला एक टू बीएचके, डिपॉझिट ६०,००० रुपये, आणि अट अशी:

"परवानाधारकाने जागेचा ताबा परत दिल्याशिवाय व त्याच्याकडे कोणतीही थकबाकी नसल्याखेरीज मालक अनामत रक्कम परत करण्यास बांधील राहणार नाही."

परवानाधारक म्हणजे भाड्याने राहणारा. यात नकार मोजले तर चार निघतात: 'शिवाय', 'नसल्या', 'खेरीज' आणि शेवटचा 'नाही'. 'कोणतीही' हा नकार नाही, तो फक्त जोर देतो, त्यामुळे तो मोजायचा नाही. आता पुष्कळ जण काय करतात की चार म्हणजे जोडी जुळली, सगळे नकार कटाप, आणि अर्थ काढतात की 'ताबा दिला आणि थकबाकी नसली की डिपॉझिट परत मिळणार'. नेमकं इथेच चुकतं. नकार किती आहेत यापेक्षा प्रत्येक नकार कशाला लागलाय हे महत्त्वाचं, आणि एकाच गोष्टीला लागलेले दोन नकारच एकमेकांना काटतात.

म्हणून आधी वाक्य फोडायचं. परिणाम एक आहे, 'मालक डिपॉझिट परत करायला बांधील असणं', आणि त्याला 'नाही' लागलाय. अटी दोन आहेत, ताब्याची आणि थकबाकीची. मग 'शिवाय' किंवा 'खेरीज' काढून तिथे 'जर तसं नसेल तर' ठेवायचं, एका वेळी एकच अट घेऊन. पहिली सोपी आहे: ताबा परत दिला नाही तर मालक बांधील नाही. दुसरी: 'थकबाकी नाही' असं जर नसेल, तर मालक बांधील नाही. इथे 'नाही असं नसेल' हे दोन नकार एकाच गोष्टीला, थकबाकीला लागलेत, म्हणून ते खुशाल काटायचे: थकबाकी असेल, तर मालक बांधील नाही. शेवटचा 'नाही' मात्र मालकाच्या जबाबदारीला लागलाय, त्याला हात लावायचा नाही.

आता दोन तुकडे परत जोडायचे, आणि मला वाटतं सगळ्यात जास्त चुका या जोडणीतच होतात. मूळ वाक्यात 'व' आहे म्हणून सोप्या वाक्यातही 'आणि' लिहिलं तर होतं असं: 'ताबा दिला नसेल आणि थकबाकी असेल तर मालक बांधील नाही.' म्हणजे दोन्ही गोष्टी एकदम झाल्या तरच मालक पैसे अडवू शकतो. मग ज्याने चावी देऊन टाकली पण दोन महिन्यांचं भाडं बाकी ठेवलं तो यातून सुटतो, जे मूळ अटीत अजिबात नव्हतं. मूळ अटीला दोन्ही गोष्टी पूर्ण झालेल्या हव्यात, म्हणजे एक जरी राहिली तरी मालक मोकळा. त्यामुळे नकार आत गेला की 'व' चा 'किंवा' करावा लागतो: 'ताबा परत दिला नसेल किंवा थकबाकी असेल, तर मालक डिपॉझिट परत करायला बांधील नाही.' एवढंच या अटीचं सुरक्षित सोपं रूप. चार नकारांचे दोन झाले आणि अर्थ तसूभरही हलला नाही.

हे खरंच बरोबर आहे का ते तपासायला शक्य त्या सगळ्या परिस्थिती मांडायच्या. दोन अटी आहेत म्हणजे चारच परिस्थिती होतात. ताबा दिला आणि बाकी नाही, ताबा दिला पण बाकी आहे, ताबा नाही पण बाकीही नाही, ताबाही नाही आणि बाकीही आहे. प्रत्येकीसाठी जुन्या वाक्याला विचारायचं 'मालक पैसे अडवू शकतो का', मग नव्या वाक्याला तेच विचारायचं. शेवटच्या तिन्हीत दोन्ही वाक्यं 'हो' म्हणतात. आणि पहिल्या परिस्थितीत? ताबा दिला, बाकी काहीच नाही, तरी 'मालकाने पैसे द्यायलाच पाहिजेत' असं ना जुनं वाक्य म्हणतं ना नवं. दोन्ही गप्प आहेत!

ही गप्प जागा ओळखता येणं म्हणजे अर्धी लढाई. 'अमुक झाल्याशिवाय तमुक नाही' हे वाक्य अमुक गरजेचं आहे एवढंच सांगतं, अमुक झालं की तमुक होणारच असं सांगत नाही. तिकीट काढल्याशिवाय बसने प्रवास करता येत नाही, पण तिकीट काढलं म्हणून सीट मिळेलच असं नाही. आपल्या अटीतही पैसे परत करण्याची जबाबदारी दुसऱ्या एखाद्या कलमात स्पष्ट लिहिलेली असली पाहिजे. सहसा ती असते, डिपॉझिटच्या रकमेच्या कलमात 'मुदत संपल्यावर परत करण्यात येईल' असं असतं, पण ते शोधून बघायचं, गृहीत धरायचं नाही. नसेल तर कोर्ट सगळा करार एकत्र वाचून अर्थ लावतं, मात्र ६०,००० रुपयांसाठी तिथपर्यंत जायची वेळ कोणावरच येऊ नये.

सोपं केल्यावर अजून एक गोष्ट वर येते जी गुंत्यात दडलेली होती. 'थकबाकी असेल' म्हणजे किती? लाइट बिलाचे १,८०० रुपये राहिले तर मालक पूर्ण ६०,००० अडवून ठेवू शकतो का? शब्दशः वाचलं तर हो. कोणत्याही समंजस मालकाच्या मनात हे नसतं, पण वाक्य तसं आहे. महावितरणचं शेवटचं बिल तर घर सोडल्यानंतरच हातात येतं, म्हणजे घर सोडायच्या दिवशी जवळजवळ प्रत्येकाकडे काहीतरी बाकी निघतेच. मग सही करायच्या आधी दोघांनी बसून असं लिहावं: 'ताबा परत मिळाल्यापासून ७ दिवसांत मालक अनामत रक्कम परत करेल. भाडं, लाइट बिल किंवा मोडतोडीचा खर्च बाकी असेल तर तेवढीच रक्कम बिल दाखवून वजा करेल आणि उरलेली त्याच ७ दिवसांत देईल.' वाचायला छान, एकही नकार नाही. पण हे जुन्या अटीचं सोपं रूप नाहीये, ही नवीन अट आहे, हक्क आणि मुदत दोन्ही बदललेत. हा फरक समोरच्याला स्पष्ट सांगूनच बदल करायचा, 'फक्त भाषा सोपी केली' म्हणून तो आत सरकवणं ही फसवणूक आहे.

आता अनलेस-नॉटचा दुसरा प्रकार, जो दिसायला याच्यासारखाच पण कामाने वेगळा: 'भाडेकरूने थकबाकी भरलेली नसल्यास ते वगळता, मालक अनामत रक्कम परत करेल.' इथे मुख्य वाक्य होकारी आहे, 'परत करेल'. 'वगळता' ने फक्त एक अपवाद काढलाय. सोपं रूप: 'मालक डिपॉझिट परत करेल, पण थकबाकी भरली नसेल तर हा नियम लागू नाही.' इथे परत करण्याची जबाबदारी याच वाक्यात आहे, गप्प जागा नाही. म्हणून अट हातात आली की आधी शेवटचं क्रियापद बघावं, होकारी आहे का नकारी, कारण हक्क मिळतोय की नुसती मनाई आहे हे तिथेच ठरतं.

काही नकार काटायचेच नसतात. 'मालक संमती अवाजवीपणे नाकारणार नाही' यातले 'अ', 'नाकारणे' आणि 'नाही' एकत्र करून 'मालकाला संमती द्यावीच लागेल' असं केलं तर चूक, कारण वाजवी कारणाने नाकारायचा त्याचा हक्क गेला. बरोबर रूप: 'वाजवी कारण असेल तरच मालक संमती नाकारू शकेल.' याच अटीचं 'अवाजवी कारणाशिवाय संमती नाकारणार नाही' असंही लिहिलं जातं, आणि ते तर पूर्ण उलटं आहे, त्याचा अर्थ होतो की नाकारायची तर कारण अवाजवीच पाहिजे.

कायद्याच्या कलमातला 'शिवाय' बऱ्याचदा पुराव्याचं ओझंही कोणावर तरी टाकत असतो. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ चं कलम ५५ म्हणतं की भाड्याचा किंवा लीव्ह अँड लायसन्सचा करार लेखी आणि रजिस्टर्ड हवा, आणि रजिस्टर करायची जबाबदारी मालकाची. तसा करार नसेल तर अटींबद्दल भाडेकरू जे सांगेल ते ग्राह्य धरायचं, अन्यथा सिद्ध झाल्याशिवाय. हे सोपं करताना 'जो सिद्ध करेल त्याचं खरं' असं लिहिलं तर कायदाच बदलला. सोपं रूप असं हवं: 'भाडेकरूचं म्हणणं खरं धरायचं, आणि ते खोटं असेल तर मालकाने सिद्ध करायचं.'

याच कलमामुळे पुण्यात सगळीकडे ऐकू येणारं '११ महिन्यांचं आहे ना, मग रजिस्टर कशाला' हे वाक्यही पडतं. नोंदणी कायदा, १९०८ च्या कलम १७ मध्ये एक वर्षापेक्षा जास्त मुदतीचा भाडेपट्टा रजिस्टर करणं सक्तीचं आहे. त्यावरून लोक म्हणतात, जास्त मुदत नाही म्हणजे सक्ती नाही. पण एका कायद्यात सक्ती नाही एवढ्यावरून दुसऱ्या कायद्यात सूट मिळत नाही, आणि महाराष्ट्रात कलम ५५ ला ११ महिन्यांची सूट नाही. मोडलं तर मालकाला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात.

सोपं करायचं काम ड्राफ्ट हातात असतानाच करायचं. ऑनलाइन रजिस्ट्रेशनला एजंट पीडीएफ आधी व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवतोच, तेव्हा शंका असलेल्या अटीचं मूळ वाक्य आणि खाली आपण लावलेला अर्थ असं लिहून घरमालकाला पाठवावं आणि 'काका, तुमच्या मनात हेच आहे ना' असं सरळ विचारावं. दोघांचा अर्थ जुळला की सोपं वाक्यच ड्राफ्टमध्ये घालायला लावायचं आणि जुनं काढून टाकायचं. दोन्ही ठेवले तर दोन अटी झाल्या आणि भांडणाला अजून एक कारण. एकदा दस्त रजिस्टर झाला की मात्र व्हॉट्सअ‍ॅपवरच्या सोप्या वाक्याच्या भरवशावर राहू नये, लेखी करारातले शब्दच आधी धरले जातात, आणि ते बदलायचे तर दोघांच्या सहीने पुरवणी करार करून तोही रजिस्टर करावा लागतो.