पार्सलावर काय लिहिलंय? परदेशी पाठवायच्या पेटीचं लेबल आणि कस्टम्सचा फॉर्म
(आमच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक)

बेळगाव, खानापूर, निपाणी, अथणी या भागातून आमच्याकडे परदेशी पार्सलं येतात ती बहुतेक घरची असतात. पोरगा जर्मनीत, लेक कॅनडात, आणि आई डबे घेऊन आमच्या काउंटरवर. सोबत वहीच्या कागदावर मराठीत लिहिलेली यादी. ती इंग्रजीत उतरवून फॉर्म भरणं हे आमचं काम. त्यात आम्ही इतके प्रश्न का विचारतो, पेटी उघडून का बघतो आणि कधी कधी एखादा डबा परत का देतो, ते इथे नीट सांगतो.

पेटीबरोबर जो फॉर्म जातो त्याला सीएन 23 म्हणतात. छोट्या, कमी किमतीच्या पाकिटाला सीएन 22 हा त्याचाच लहान भाऊ लागतो. जगभरच्या टपालखात्यांची मिळून एक संघटना आहे. हे नमुने तिचे, आणि तिची अधिकृत भाषा फ्रेंच, म्हणून फॉर्मवर इंग्रजीबरोबर फ्रेंच शब्दही दिसतात. ते बघून घाबरू नका. फॉर्मची हीच माहिती संगणकावरही भरावी लागते आणि ती पेटीच्या आधी त्या देशात पोचते. म्हणजे तिकडचा अधिकारी तुमची पेटी बघायच्या आधी तुमचे शब्द वाचतो. शब्द मोघम असले तर पेटी तिथेच अडते.

आता एक यादी घेऊ. अथणीच्या एका अक्कांनी म्युनिकला मुलाकडे पाठवण्यासाठी आणली होती. कागदावर एवढंच होतं: चप्पल 1, फराळ, करदंट अर्धा किलो, गोडा मसाला, तांब्या 1, कुंदा 1 किलो, कढीपत्ता.

पहिला शब्द चप्पल. नुसतं ‘चप्पल’ किंवा ‘फुटवेअर’ लिहिलं तर रबराची, प्लॅस्टिकची की चामड्याची, हे कळत नाही. अथणीची कोल्हापुरी म्हटल्यावर आपल्याला सगळं कळतं, पण कोल्हापूर हे गावाचं नाव तिकडे कुणाला सांगणार? म्हणून आम्ही जे दिसतं ते लिहितो: चामड्याचा तळ, चामड्याचे पट्टे, अंगठ्याला वादी, पुरुषांची, नवीन, एक जोड. याला जागतिक वर्गवारीचा सहा आकडी क्रमांकही लागतो. पहिले दोन आकडे 64, म्हणजे पादत्राणं. 6403 म्हणजे वरचा भाग चामड्याचा. आणि 640320 ही जागा चामड्याचा तळ, पायावरून जाणारा चामड्याचा पट्टा आणि अंगठ्याभोवती वादी, अशा पायताणासाठीच ठेवलेली आहे. आपल्या कोल्हापुरीचं वर्णन त्यात तंतोतंत बसतं. हा क्रमांक लिहिला की भाषा न येणाऱ्यालाही वस्तू कळते.

दुसरा शब्द फराळ. इथे शब्दकोश फसवतो. फराळ दिवाळीचा असतो तसा उपवासाचाही असतो, आणि कोशात मिळतं ते ‘रिफ्रेशमेंट्स’. त्यावरून काहीच समजत नाही. ‘होममेड फूड’ लिहिलं तरी तीच गत. अक्कांना विचारलं तेव्हा कळलं की आत सगळ्या भाजणीच्या चकल्या आहेत, एक किलो. तांदूळ, डाळी, तीळ, तेल. मग लिहिलं: तळलेला कुरकुरीत पदार्थ, तांदूळ आणि डाळीच्या पिठाचा, मांस नाही. ‘मांस नाही’ हे आम्ही आवर्जून लिहितो, कारण युरोपच्या नियमांत त्या एका गोष्टीला मोठं महत्त्व आहे.

करदंट गोकाकची. तिचं भाषांतर होत नाही आणि करूही नये. गूळ, डिंक, सुकामेवा आणि तूप यांची वडी, असं लिहिलं. त्यात तूप आहे हे लपवलं नाही. लपवलेली गोष्ट तपासणीत सापडली की बाकीच्या ओळींवरचाही विश्वास उडतो.

गोडा मसाला म्हणजे ‘स्वीट मसाला’ असं पूर्वी एका ग्राहकाने घरी स्वतः लिहून आणलं होतं. गोडा म्हणजे इथे साखरेचा नव्हे. तपकिरी पूड, पिशवीवर काही नाही आणि फॉर्मवर ‘गोड’. असं पाकीट कुणीही फोडून बघेलच. आम्ही लिहितो: भाजून दळलेल्या मसाल्यांचं मिश्रण, 250 ग्रॅम. आणि पिशवीवरही तेच इंग्रजीत चिकटवतो. फॉर्मवर एक आणि डब्यावर काहीच नाही, असं ठेवू नका.

तांब्या हा शब्द आमच्या हातून एकदा चुकला होता, म्हणून तो लक्षात राहिला. घाईच्या दिवसांत तांब्या वाचून ‘कॉपर, 1’ एवढंच टाइप झालं. कॉपर म्हणजे धातू. तार, पत्रा की भांडं, ते कळेना, आणि पेटी खुलाशासाठी थांबली. खुलासा पाठवला, पुढे गेली, पण त्या माउलीला रोज दुकानात फेऱ्या घालाव्या लागल्या. चूक आमची होती. तेव्हापासून धातूची वस्तू असली की आम्ही आधी तिचा उपयोग लिहितो आणि मग धातू: पाणी प्यायचं भांडं, तांब्याचं, घरगुती. क्रमांक 741810.

राहिले कुंदा आणि कढीपत्ता. दोन्ही आम्ही पेटीत घातले नाहीत. युरोपीय संघात बाहेरच्या देशातून खासगी पार्सलाने दूध आणि दुधाचे पदार्थ पाठवायला मनाई आहे. बिस्किटं आणि मिठाई यांना सूट आहे, पण कुंद्यात साखर सोडली तर बहुतेक खवाच. तिकडचा अधिकारी त्याला मिठाई मानेल की दुधाचा पदार्थ, हे इथे बसून ठरवता येत नाही, आणि तो डबा धोक्यात आला की सगळी पेटी अडकते. बेळगावच्या माणसाला कुंदा न पाठवणं जिवावर येतं, आम्हालाही येतं. पण कुंदा ‘स्वीट्स’ या नावाखाली दडवून द्या असं कुणी म्हटलं तर आम्ही नाही म्हणतो. ताज्या कढीपत्त्याला आपल्याकडच्या कृषी विभागाचा वनस्पती तपासणीचा दाखला लागतो. तो घरच्या मूठभर पाल्यासाठी कुणी काढत नाही.

मग किंमत. चप्पल 900, चकली 400, करदंट 600, मसाला 300, तांब्या 800. एकूण 3,000 रुपये. प्रत्येक आकड्यापुढे चलन लिहायचं, नुसता 3,000 लिहिला तर तो युरोही वाटू शकतो. युरोपात एका खासगी माणसाने दुसऱ्याला क्वचित, पैसे न घेता पाठवलेल्या भेटीवर 45 युरोपर्यंत जकात आणि कर लागत नाही. अक्कांची पेटी त्यात बसली. बसावी म्हणून 5,000 ची वस्तू 500 ची लिहा, असं सांगणारे पुष्कळ भेटतात. आम्ही ते करत नाही. पेटी हरवली तर भरपाईही त्याच लिहिलेल्या किमतीच्या पलीकडे मिळत नाही.

वजनाच्या दोन जागा आहेत. वस्तूंचं निव्वळ वजन ओळीओळीने आणि शेवटी पेटीसकट एकूण. इथे चप्पल 600 ग्रॅम, चकली 1 किलो, करदंट 500, मसाला 250, तांब्या 400, मिळून 2 किलो 750 ग्रॅम. भरलेली पेटी काट्यावर 3 किलो 300 ग्रॅम भरली. उरलेले 550 ग्रॅम डबे, कागद आणि खोका. हा फरक दोन-तीन किलोचा निघाला तर यादीत काहीतरी सुटलंय असं समजा आणि पेटी परत उघडा.

आता पेटीच्या बाहेरचं. फॉर्मवर ‘भेट’ची चौकट असते, तिच्यात खूण करायची. पण खोक्यावर मोठ्या अक्षरांत इंग्रजी ‘गिफ्ट’ लिहू नका, जर्मनीला तर मुळीच नको. जर्मन भाषेत गिफ्ट म्हणजे विष. भेटीला ते गेशेंक म्हणतात. आणि ‘भेट’ हे आतल्या वस्तूचं वर्णनही नव्हे. भेट काय आहे, ते लिहायचं.

खोक्यावर मराठीत ‘काच आहे, जपून’ लिहून आणलेलं आम्ही बघतो. बेळगावच्या हमालाला ते कळेल, बेंगळुरूला कदाचित नाही, पुढे तर नाहीच. त्यासाठी चित्रांची खूण आहे. दांडीचा पेला म्हणजे आत नाजूक वस्तू. पुष्कळांना वाटतं त्यात दारू आहे असा अर्थ होतो आणि ते खूण लावू देत नाहीत. तसा अर्थ नाही. छत्री म्हणजे पाण्यापासून जपा. आडव्या रेघेवर उभे दोन बाण म्हणजे ही बाजू वर. पेला आणि बाण खोक्याच्या चारही उभ्या बाजूंना, डावीकडे वरच्या कोपऱ्यात लावायचे. एकाच बाजूला लावले तर ती बाजू दुसऱ्या पेटीला चिकटली की खूण गेली. रंग काळा. लाल, नारिंगी टाळा, कारण ते धोकादायक मालाच्या लेबलांचे रंग आहेत आणि चकलीच्या खोक्याकडे उगीच संशयाने बघितलं जातं. आणि एवढं करूनही मशीनच्या पट्ट्यावर पेटी उलटी होतेच. म्हणून खूण लावली तरी आत गादी भरपूर घाला. खूण माणसाला विनंती करते, मशीनला नाही.

जपानहून यंत्राचे सुटे भाग मागवणाऱ्या उद्यमबागेतल्या ग्राहकांसाठी एक शब्द. तिकडच्या खोक्यावर चार अक्षरांत ‘तेन्चि मुयो’ असतं. अक्षरशः घेतलं तर ‘आकाश-जमीन नको’. वर-खाली कसंही ठेवा असा अर्थ वाटतो, जपानी माणसंही फसतात. खरा अर्थ उलट आहे: उलटं करू नका.

पत्त्यात घरी आपण बेळगाव म्हणतो, जुन्या कागदांवर स्पेलिंगही जुनंच आहे. 1 नोव्हेंबर 2014 पासून सरकारी नाव बेळगावी झालं, म्हणून पाठवणाऱ्याच्या पत्त्यात आम्ही तेच लिहितो आणि पिनकोड ठळक घालतो. पेटी परत आली तर ती पिनवर येते.

फॉर्मच्या तळाशी एक प्रश्न असतो: पेटी पोचवता आली नाही तर परत पाठवायची की सोडून द्यायची? परत आणायचा खर्च पाठवणाऱ्याला पडू शकतो. अक्कांनी चप्पल आणि तांब्यासाठी ‘परत’वर खूण केली. नुसतं खाणं असतं तर आम्ही ‘सोडून द्या’ सुचवलं असतं.

सही तुमची असते, आमची नाही. म्हणून टाइप झालेला फॉर्म आम्ही मराठीत वाचून दाखवतो, मगच सही घेतो. येताना यादीत प्रत्येक वस्तूपुढे ती कशाची आहे, किती आहे आणि कितीला घेतली, हे लिहून आणा. खाण्याचे डबे चिकटपट्टीने बंद करून आणू नका, उघडून बघायला लागतात. आणि फॉर्मची एक प्रत, तिकडून ‘मिळालं’ असा फोन येईपर्यंत, घरी जपून ठेवा.