बिघडलेली मासिक डेटा फाइल पुन्हा मागवणारे पत्र

पुरवठादाराकडून दरमहा येणारी फाइल वापरता येण्याजोगी नसेल, तर ती घेणाऱ्या कंपनीचा विश्लेषक नेमक्या चुका दाखवून नवी फाइल मागतो, ते हे पत्र. साध्या तक्रारीत आणि यात मोठा फरक आहे. बिघाड आपल्या संगणकावर झालेला नाही आणि तो आपल्याला दुरुस्त करता येणार नाही, या दोन्ही गोष्टी पत्रातून सिद्ध व्हाव्या लागतात. तसे झाले नाही, तर 'आमच्याकडे फाइल व्यवस्थित उघडते' एवढेच उत्तर येते आणि आठवडा जातो.

सोलापुरात अक्कलकोट रोड एमआयडीसीतला एखादा टॉवेल कारखाना घेऊ. सूतगिरणी दर महिन्याला पाठवलेल्या खोक्यांची यादी CSV, म्हणजे स्वल्पविरामांनी रकाने वेगळे केलेल्या साध्या मजकुराच्या फाइलमध्ये देते: खोका क्रमांक, सुताचा काउंट, वजन, शेरा. सोबतच्या ईमेलमध्ये १,२४८ ओळी आणि एकूण वजन ६१,१५२ किलो असे लिहिले आहे. प्रत्यक्ष फाइलमध्ये १,१९६ ओळी आणि ५८,६०४ किलो भरतात. (आकडे उदाहरणादाखल.)

पत्र लिहिण्यापूर्वी फाइल एक्सेलमध्ये न उघडता नोटपॅडमध्ये पाहावी, कारण एक्सेल उघडतानाच आकडे आणि तारखांचे रूप बदलते. मग दिसणारी चूक फाइलमधली की एक्सेलने केलेली, हे सांगता येत नाही. आपल्या उदाहरणात नोटपॅडमध्येच हे दिसते:

```
8.90412E+15,02-Oct,49,????? ????
```

खोका क्रमांक सोळा आकडी होता. एक्सेल कोणत्याही संख्येचे पहिले पंधरा आकडेच जपते आणि लांब संख्या अशी आखडून दाखवते. तशीच ती CSV म्हणून जतन केली की दिसणारे तेवढेच फाइलमध्ये उतरते. परिणामी शेकडो खोक्यांना एकच क्रमांक मिळाला आहे. `02-Oct` हा मुळात २/१० काउंट, म्हणजे दहा नंबरचे दोन धागे एकत्र पिळलेले सूत. एक्सेलने ते दोन ऑक्टोबर धरले. शेऱ्यातली प्रश्नचिन्हे म्हणजे गोदामातल्या कारकुनाने मराठीत लिहिलेला मजकूर. साध्या CSV प्रकारात जतन करताना देवनागरी अक्षरे पुसली गेली. मराठीच्या जागी `à¤¸à¥‹` असे काही दिसले असते, तर अक्षरे शाबूत असून फक्त चुकीच्या पद्धतीने वाचली गेली, असा अर्थ झाला असता आणि फाइल UTF-8 या सर्व लिप्या सामावणाऱ्या अक्षरसंकेतात वाचल्यावर ती परत मिळाली असती. प्रश्नचिन्हांतून मात्र काहीच परत येत नाही.

तिन्ही चुकांचे मूळ एकच: पाठवण्याआधी कोणीतरी फाइल एक्सेलमध्ये उघडून जतन केली. ५२ ओळींची तूट मात्र वेगळी आहे. शेवटची ओळ वजनाच्या रकान्यातच तुटलेली आहे, म्हणजे फाइल वाटेत अर्धवट राहिली. ही दोन कारणे पत्रात वेगळी मांडणे फार महत्त्वाचे, कारण नुसती तीच फाइल पुन्हा पाठवली तर तूट भरून निघेल, पण बाकीच्या तीन चुका जशाच्या तशा येतील. पत्राचा गाभा असा असू शकतो:

"स. न. वि. वि. आपली सप्टेंबरची फाइल मिळाली. ईमेलमधील १,२४८ ओळींपैकी १,१९६ मिळाल्या. २,५४८ किलोची तूट आहे व शेवटची ओळ अपुरी आहे. खोका क्रमांक, काउंट व शेरा हे रकाने एक्सेलमध्ये बदललेले दिसतात. नमुना ओळी सोबत जोडल्या आहेत (ओळ क्रमांक शीर्षकओळ धरून). कृपया संपूर्ण फाइल आपल्या मूळ प्रणालीतून नव्याने काढून, मध्ये एक्सेलमध्ये न उघडता, UTF-8 मध्ये पाठवावी. बँकेला स्टॉक स्टेटमेंट द्यायचे असल्याने ती गुरुवारपर्यंत मिळावी. कळावे."

'शीर्षकओळ धरून' हे दोन शब्द गाळू नयेत. नाहीतर दोन्हीकडचे लोक एका ओळीच्या फरकाने वेगवेगळ्या नोंदी पाहत बसतात. फक्त राहिलेल्या ५२ ओळी मागणेही धोक्याचे. तुटलेली ओळ दोन्ही फाइलींत येऊन तो खोका दोनदा मोजला जाऊ शकतो, आणि खोका क्रमांकच एकसारखे झालेले असल्यामुळे ही दुबार नोंद पकडण्याचे साधन उरत नाही.

नव्या फाइलसोबत तिचा हॅश, म्हणजे फाइलमधल्या मजकुरावरून काढलेला ओळखीचा संकेतांक मागितला, तर वाटेतला बिघाड लगेच कळतो. विंडोजवर दोन्ही बाजूंना हीच आज्ञा चालते:

```
certutil -hashfile sep.csv SHA256
```

दोघांचे उत्तर जुळले की फाइल जशी निघाली तशीच पोहोचली. आतले आकडे बरोबर आहेत, हे मात्र त्यावरून ठरत नाही; एक्सेलने बिघडवलेली फाइलसुद्धा हॅशला तंतोतंत जुळते. म्हणून ओळींची संख्या, एकूण वजन आणि खोका क्रमांकांची दुबार नोंद पुन्हा तपासावीच लागते. जुनी फाइल पुसू नये. तिच्या नावात 'रद्द' असे जोडून ती पत्राच्या प्रतीसोबत ठेवावी, म्हणजे आधी दिलेल्या एखाद्या अहवालातला आकडा कुठून आला हे नंतर शोधता येते.