दोन एजंट, एक फ्लॅट: तुम्ही दिलेली दलाली कोणाकडे जाते?

आमचं काम पुण्यात, मुख्यतः कोथरूड, कर्वेनगर, वारजे या पट्ट्यातलं, आणि तेही रीसेल फ्लॅटचं. या धंद्यात फ्लॅट एका एजंटाकडे आणि गिऱ्हाईक दुसऱ्याकडे, हे रोजचंच. मग बैठक बसते, भाव जुळतो, चहा येतो आणि खरेदीदार हळूच विचारतो, "तुम्हा दोघांना मिळून किती द्यायचे?" प्रश्न बरोबर आहे, फक्त उशिरा आलेला. तो फ्लॅट बघायला जायच्या आधी विचारायला हवा. म्हणून हे पत्रक आम्ही पहिल्या भेटीतच हातात देतो.

आधी दराचं. रीसेलच्या व्यवहारात दलाली किती असावी हे कोणत्याही कायद्याने ठरवलेलं नाही. आमच्या भागात प्रत्येक बाजूकडून एक ते दोन टक्के असं साधारण चालतं आणि त्यात घासाघीस होते. "रेराचा दर दोन टक्के आहे" असं कोणी सांगितलं तर खुशाल हसा. महारेरा एजंटांची नोंदणी करतं, दलालीचा दर ठरवून देत नाही.

ज्याची पार्टी त्याची दलाली

दोन एजंट असले की आमच्यात ज्याला 'साइड बाय साइड' म्हणतात ती पद्धत सर्वांत जास्त चालते. विकणाऱ्याला धरून असलेला एजंट विकणाऱ्याकडून घेतो, घेणाऱ्याचा एजंट घेणाऱ्याकडून. दुसरी पद्धत म्हणजे दोन्हीकडून आलेले पैसे एकत्र करून निम्मे-निम्मे. ऐकायला दुसरी जास्त न्याय्य वाटते. आमचं मत उलटं आहे, आणि का ते एका व्यवहारातून सांगतो. आकडे समजायला सोपे जावेत म्हणून गोल केले आहेत.

कोथरूडमधला दोन बेडरूमचा फ्लॅट. मालकीणबाई लेकीकडे नाशिकला राहायला गेलेल्या, चावी त्यांच्या एजंटाकडे. त्या गृहस्थाने चार महिने फ्लॅट दाखवला, दर वेळी स्वतः जाऊन खिडक्या उघडल्या, सोसायटीची थकबाकी किती आहे ते काढलं, मूळ करारनामा आणि सूची-2 च्या प्रती गोळा केल्या, ना-हरकत दाखल्यासाठी सेक्रेटरींच्या मागे लागला. बाईंनी त्याला दोन टक्के कबूल केले होते. आमचा खरेदीदार तिसऱ्या फ्लॅटलाच "हाच" म्हणाला. त्याच्याशी आमचं एक टक्का ठरलं होतं. भाव 84 लाखांवर तुटला.

म्हणजे बाईंकडून 1,68,000 आणि आमच्या खरेदीदाराकडून 84,000, एकूण 2,52,000. एकत्र करून वाटले असते तर दोघांना 1,26,000. म्हणजे त्या एजंटाने आपल्या चार महिन्यांच्या कमाईतले 42,000 आम्हाला काढून द्यायचे, तेही आमचं काम तीन शनिवारांत उरकलेलं असताना. यात बरोबरी आहे, न्याय नाही. शिवाय आमच्या खिशात बाईंचे पैसे आले की बैठकीत आम्ही कोणाच्या बाजूने बोलतोय हा प्रश्न उभा राहतो. खरेदीदाराचा एजंट खरेदीदाराच्याच पैशावर असावा, म्हणजे "अजून दोन लाख कमी करा" म्हणताना जीभ अडखळत नाही.

दोन गिऱ्हाइकांचे दर वेगळे कसे, असं विचारलं जातं. ज्याने त्याने आपापल्या एजंटाशी ठरवलेलं असतं, दुसऱ्या बाजूला त्याच्याशी घेणं-देणं नसतं. बिलातही फरक दिसतो. आम्ही जीएसटीत नोंदणीकृत आहोत, त्यामुळे 84,000 वर 18 टक्के म्हणजे 15,120 लागून बिल 99,120 चं झालं. समोरच्या एजंटाची वर्षाची उलाढाल 20 लाखांच्या आत, नोंदणी नाही, म्हणून त्याने जीएसटी लावला नाही आणि लावायचाही नसतो. बिलावर जीएसटी क्रमांक नाही आणि तरी 18 टक्के लावलेत, असं दिसलं तर पैसे देऊ नका.

एक बाजू काहीच देत नसेल तर

साइड बाय साइड पद्धत इथे अडते. "मी दलाली देत नाही, ती घेणाऱ्याकडून घ्या" असं म्हणणारे मालक असतात आणि तसं म्हणायचा त्यांना हक्क आहे. पण त्यांचा एजंट फुकट राबणार नसतो. मग काही ठिकाणी खरेदीदारावर दोन्ही बाजूंची दलाली टाकली जाते: दोन टक्के याचे, दोन टक्के त्याचे. आम्ही ते करत नाही. तुमच्याशी ठरलेला टक्का तेवढाच राहतो आणि त्यातला निम्मा आम्ही समोरच्याला देतो. वरच्याच आकड्यात बोलायचं तर 84,000 मधले 42,000 त्याला. तो जीएसटीवाला असेल तर 42,000 अधिक 7,560 चं बिल आमच्या नावे करतो, आणि तो कर आम्ही आमच्या करात वळता करून घेतो. तुमच्या हातात बिल एकच, आमचं. समोरच्या एजंटाने तुमच्याकडे वेगळे पैसे मागितले तर लगेच आम्हाला फोन करा.

निम्मेच का, सत्तर-तीस का नाही? आम्ही तेही करून पाहिलं. प्रत्येक व्यवहारात कोणी किती चपला झिजवल्या याचा हिशोब काढत बसलं की बैठक लांबते आणि त्या तापलेल्या हवेत तुमचा भाव बिघडतो. पैसे एकाच बाजूकडून येणार असतील तर निम्मे-निम्मे, आणि हे फ्लॅट दाखवायच्या आधी व्हॉट्सअॅपवर लिहून घ्यायचं, एवढा एकच नियम आम्ही ठेवलाय.

'नेट' म्हटलं की कान टवकारा

वाटणीतली खरी खोट इथे असते. मालक एजंटाला म्हणतो, "मला 80 लाख नेट हवेत, वरचे तुझे." एजंट खरेदीदाराला 84 सांगतो. मधले चार लाख दोन्ही एजंट दोन-दोन वाटून घेतात, आणि वर खरेदीदाराचा एजंट खरेदीदाराकडूनही आपले 84,000 घेतो. त्याला मिळाले 2,84,000. आता हा माणूस तुमच्यासाठी भाव खाली आणेल का? भाव एक लाखाने उतरला की त्याचेच पन्नास हजार जातात.

मालकालाही यात अंधारात ठेवलं जातं, कारण '80 नेट' म्हणताना वरचे म्हणजे पन्नास-साठ हजार असतील असंच त्याला वाटत असतं. करार कायदा, 1872 चं कलम 216 साध्या भाषेत असं सांगतं, की एजंटाने ज्याचं काम करतोय त्याला न कळवता त्याच व्यवहारात परस्पर स्वतःचा धंदा साधला, तर तो फायदा त्या माणसाला मागता येतो. पण मागायला आधी कळायला हवं.

ओळखायचं कसं? टोकन देईपर्यंत मालकाची भेट होऊ देत नाहीत. "मालक फार तापट आहेत, मीच बोलतो" हे वाक्य येतं. विसारपावतीवर एक रक्कम लिहायची आणि फरक वेगळा, रोखीने द्यायचा असं सुचवलं जातं. एका बैठकीत आमच्या खरेदीदाराने सहज विचारलं, "काका, 76 चे 75 नाही का होणार?" काका बायकोकडे बघायला लागले. त्यांच्या लेखी फ्लॅट 72 ला चालला होता. पुढचा अर्धा तास आम्ही इथे लिहिणार नाही. म्हणून आम्ही नेटवर फ्लॅट घेत नाही आणि टोकनच्या आधी घेणारा-विकणारा समोरासमोर बसवतो, भाव मालकाच्या तोंडून वदवून घेतो.

आधी दुसऱ्याबरोबर पाहिला असेल तर

गिऱ्हाईक 'आणलं' कोणी, यावरून एजंटांत जेवढी भांडणं होतात तेवढी टक्क्यांवरून होत नाहीत. तुम्ही मार्चमध्ये एका एजंटाबरोबर फ्लॅट पाहिलात, भाव जास्त वाटला, सोडून दिलात. मे महिन्यात आमच्याबरोबर तोच पाहिलात आणि व्यवहार झाला. पहिला एजंट म्हणणार, पार्टी माझी. त्याचं अगदीच चुकत नाही, कारण दार पहिल्यांदा त्याने उघडलं. आमचंही चुकत नाही, कारण भाव आम्ही जुळवला.

सुरुवातीच्या काळात असाच एक व्यवहार आमच्याकडून नासला. खरेदीदाराने आधीची भेट सांगितली नाही, आम्हीही विचारलं नाही. पहिला एजंट साठेखताच्या दिवशी थेट दुय्यम निबंधकांच्या कार्यालयात येऊन उभा राहिला. नोंदणी झाली, पण विकणाऱ्याच्या एजंटाला वाटलं की हे भांडण आपल्या वाट्यावर येणार, आणि त्याने चावी द्यायला आठवडा लावला. त्यानंतर आम्ही भेटीची चिठ्ठी सुरू केली: फ्लॅट क्रमांक, तारीख, वेळ, तुमची सही, आणि 'यापूर्वी पाहिला आहे का' हा रकाना. 'हो' असेल तर आम्ही त्या एजंटाला आधी फोन करतो. खरेदीदाराच्या बाजूची दलाली आम्ही आणि तो आपसांत वाटतो, तुमचा टक्का वाढत नाही आणि विकणाऱ्याच्या बाजूच्या पैशाला हात लागत नाही. एका बाजूला तीन एजंट असले तरी ते त्या एका बाजूच्या रकमेतच बसायचे.

पैसे कधी द्यायचे हेही याच चिठ्ठीच्या मागे छापलंय. टोकनला काही नाही. साठेखत नोंदलं की निम्मे, खरेदीखत होऊन चावी मिळाली की उरलेले. समोरचा एजंट आपल्या पार्टीशी वेगळं ठरवू शकतो, तो त्याचा प्रश्न. मात्र साठेखताच्या आधीच व्यवहार मोडला, उदाहरणार्थ बंदिस्त केलेली बाल्कनी मंजूर नकाशात नाही म्हणून बँकेने कर्ज नाकारलं, तर आम्ही काही घेत नाही आणि समोरच्याला देणंही लागत नाही. विसाराची रक्कम परत मिळवून द्यायला मात्र दोघांनी थांबायचं असतं.

चिठ्ठीवर सही दाराशी पोचायच्या आधी, खाली पार्किंगमध्येच होते. जिना चढताना आठवलं की हा फ्लॅट बघितलेला आहे, तर तेव्हाही सांगा. तिथून परत फिरलं तरी चालतं, फोन करून पुन्हा येता येतं.